दप्तर उलटं करा!

जूनचा पहिला आठवडा म्हटला की आपल्या ऑफिसमधल्या ‘आई-बाबा गँग’चे चेहरे बघा. लंचमध्ये एकच विषय. यादी आली का? किती झाले? तुमच्याकडे ते अमुक कव्हर मिळालं का? मी या गँगमध्ये नाही, त्यामुळे इतकी वर्षं डबा खात नुसती ऐकायचे. जून 2025 मध्ये मात्र शिरूरच्या ताईचा फोन आला. ‘‘मावशी असण्याचे नुसते फोटो काढू नकोस. शनिवारी ये आणि यादीला हातभार लाव.’’

ताई रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करते. शिफ्ट संपवून शिरूरला घरी पोचेपर्यंत दुकानाची गर्दी गळ्यापर्यंत आलेली असते. मग माणूस काय करतो? यादी काउंटरवर सरकवतो आणि म्हणतो, ‘‘दोन्ही सेट द्या.’’ 2024 मध्ये तिने अगदी हेच केलं होतं. घरी आल्यावर कळलं की तीन कोऱ्या वह्या, दोन कंपासपेट्या आणि एक न उघडलेली रंगपेटी कपाटात आधीच होती. यंदा तिची एकच अट होती. आधी घरातला माल मोजायचा, मगच दुकानाची पायरी चढायची.

तर मंडळी, सीन असा. हॉलच्या फरशीवर दोन दप्तरं उलटी केलेली. एक थोरल्याचं, तो सहावीतून सातवीत जाणार. दुसरं धाकटीचं, ती दुसरीतून तिसरीत. दप्तरातून काय निघालं ते सगळं इथे सांगत नाही, पण मार्चमधली अर्धी चिक्की आणि एक मोजा यांची नोंद घ्यावी. शेजारी शाळेच्या दोन याद्या. धाकटीच्या यादीत आठ वह्या, थोरल्याच्या यादीत अकरा. एकूण एकोणीस.

अर्धी कोरी वही म्हणजे शून्य?

सुरुवात वह्यांपासून केली. कोऱ्या वह्यांचा प्रश्नच नव्हता, त्या सरळ बाजूला. पण कोरी वही त्याच रेघांची हवी. त्यांच्या शाळेत दुसरीला मराठीसाठी दुरेघी वही होती, तिसरीला एकरेघी. म्हणजे धाकटीची कोरी दुरेघी वही शाळेच्या हिशेबातून बाद. तिचं काम आता घरच्या शुद्धलेखनाला. इंग्रजीची एक चौरेघी आणि गणिताची एक चौकटी मात्र जशीच्या तशी चालणार होती, कारण त्या दोन्ही तिसरीच्या यादीत होत्याच. चित्रकलेची वही निम्मी उरली होती. तिला पुढे चालवायला बाईंची हरकत नव्हती. आठातल्या तीन सुटल्या.

खरी गंमत थोरल्याच्या वह्यांत होती. त्याच्या कितीतरी वह्या अर्ध्या कोऱ्या. मी उत्साहात म्हटलं, ‘‘लिहिलेली पानं फाडू, उरलेली वापरू.’’ ताईने कपाळाला हात लावला. तिने हा प्रयोग आधी केला होता, आणि महिन्याभरात त्या वहीची मागची पानं वर्गभर उडत होती.

कारण साधं आहे. आपल्या नेहमीच्या शाळेच्या वह्या मधोमध पिनांनी टाचलेल्या असतात. एक मोठा कागद दुमडला की त्याची दोन पानं होतात, एक पुढच्या भागात आणि एक मागच्या. वहीचं पहिलं पान आणि शेवटचं पान हा एकच कागद. पुढचं फाडलं की मागचं सुटं झालंच समजा.

मग आम्ही हिशेब मांडला. आपण दोनशे पानी म्हणतो त्या वहीवर बारीक अक्षरात बरेचदा 172 छापलेलं असतं. दोन्ही बाजू मोजून 172, म्हणजे 86 पानं, म्हणजे 43 दुमडलेले कागद. थोरल्याची इतिहासाची वही फक्त 40 बाजूंपर्यंत लिहिलेली होती. म्हणजे 20 पानं. 43 कागदांपैकी बाहेरचे 20 खराब, आतले 23 दोन्हीकडून कोरे. भूगोलाच्या वहीत 52 बाजू लिहिलेल्या, म्हणजे 26 कागद गेले, 17 उरले. दोन्ही वह्यांच्या पिना उघडल्या, कोरे कागद एकत्र केले. 23 आणि 17, झाले 40 कागद. 160 बाजूंची अख्खी वही!

आणि विज्ञानाची? ती बरोब्बर निम्मी, 86 बाजूंपर्यंत लिहिलेली होती. बघायला अर्धी वही कोरी, पण पूर्ण कोरा कागद एकही नाही. प्रत्येक कागदाची एक बाजू लिहिलेल्या भागात अडकलेली. तेव्हा फंडा लक्षात ठेवा. वही मधल्या पिनेपर्यंत पोचली असेल तर तिच्यातून नवीन वही निघत नाही. ती न फाडता, आहे तशीच मागून उघडून कच्च्या कामाला ठेवायची.

चाळीस कागदांना आपला ऑफिसातला छोटा स्टेपलर पुरत नाही, तो मधोमध पोचतही नाही. झेरॉक्सवाल्याकडे लांब दांड्याचा स्टेपलर असतो. नसेल तर दुमडीवर दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचं. जुन्या वहीचंच पुठ्ठ्याचं कव्हर लावलं, वर खाकी कागद. ही झाली गणिताच्या सरावाची वही. त्याशिवाय दोन कोऱ्या वह्या होत्या. थोरल्याच्याही तीन सुटल्या. एकोणीसऐवजी तेरा घ्यायच्या ठरल्या.

थांबा, इतिहासाची वही रिकामी का राहिली?

इथे ताईने यादीवर पेन चालवायला घेतलं. ‘‘गेल्या वर्षी इतिहासात चाळीस बाजूच लागल्या ना? मग यंदा इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल मिळून एकच वही घेऊ.’’ लॉजिकल वाटतंय ना? मलाही वाटलं. थोरला मात्र कोपऱ्यातून म्हणाला, ‘‘अगं आई, आम्ही पुस्तकातच लिहायचो.’’

बरोबर! 2023-24 पासून सरकारने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांबरोबर कोरी पानं घातली होती. वर ‘माझी नोंद’ असं शीर्षक आणि खाली रेघा. मुलांनी वेगळी वही न नेता तिथेच नोंदी कराव्यात, दप्तर हलकं व्हावं, असा विचार. प्रत्यक्षात मुलं पुस्तकंही नेत राहिली आणि वह्याही. शेवटी जानेवारी 2025 मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला आणि 2025-26 पासून पुस्तकं पुन्हा कोऱ्या पानांशिवाय आली.

म्हणजे थोरल्याची इतिहासाची वही रिकामी राहिली ती इतिहास कमी शिकवला म्हणून नाही, निम्म्या नोंदी पुस्तकात गेल्या म्हणून. सातवीच्या नव्या पुस्तकात ती जागाच नसणार. गेल्या वर्षीच्या उरलेल्या पानांवरून यंदाची गरज ठरवली असती, तर ऑगस्टमध्येच वही संपली असती आणि कोणीतरी रात्री नऊला ‘उद्या वही हवीय’ची बातमी फोडली असती. ताईने पेन खाली ठेवलं. तेराच्या तेरा वह्या कायम.

जुना साठा मोजताना उरलं किती हे सगळेच बघतात. ते का उरलं, हेही एकदा मुलाला विचारा. त्याला माहीत असतं.

दौंडची गोणी

आता पुस्तकं. आमच्याकडे पुस्तकांचा एक कौटुंबिक रूट आहे. माझी आतेबहीण दौंडला राहते. तिची मुलगी आठवीत जाणार होती आणि मुलगा चौथीत. दोघंही आमच्या पोरांच्या बरोब्बर एक इयत्ता पुढे. त्यामुळे दरवर्षी मे-जूनमध्ये दौंडहून पुस्तकांची गोणी निघते. ताई न्हावरे, पारगाव करत चौफुल्याला येते, आतेबहीण दौंडहून तिथवर येते. सोलापूर रस्त्यावर चहा, गप्पा आणि गोणीची देवाणघेवाण. त्या रविवारी मीही गेले.

तुम्ही म्हणाल, अनुदानित शाळेत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं सरकारकडून फुकट मिळतात, मग गोणी कशाला? प्रश्न बरोबर आहे. पुस्तकं फुकट मिळतात म्हणूनच दुसरा संच सोन्यासारखा आहे. एक संच शाळेत, एक घरी. रोजची ने-आण बंद. ताईने दोन्ही मुलांच्या वर्गशिक्षकांना विचारून घेतलं होतं, पुस्तकं वर्गाच्या कपाटात ठेवायला त्यांची परवानगी होती.

फक्त गोणीतलं सगळं चालतं असं नाही. आम्ही चौफुल्याच्या टेबलावरच वाटणी केली.

पहिली चाळणी माध्यमाची. आतेबहिणीची मुलगी सेमी-इंग्रजीत आहे, आमचा थोरला मराठी माध्यमात. म्हणजे तिचं गणित आणि विज्ञान इंग्रजीत. ही दोन पुस्तकं परत दौंडला. मराठी, हिंदी, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल मात्र दोघांचं सारखं, ते शिरूरच्या पिशवीत.

दुसरी चाळणी आवृत्तीची. गोणीतली पुस्तकं 2024-25 ची, म्हणजे ‘माझी नोंद’वाली. शाळेत मिळणार होती ती कोऱ्या पानांशिवायची. धडे तेच, पण मध्ये पानं घातली की पुढचे सगळे पानक्रमांक सरकतात. बाई म्हणाल्या ‘पान 34 काढा’, तर घरच्या पुस्तकात चौतिसाव्या पानावर भलतंच काहीतरी. उपाय सोपा आहे. गृहपाठ लिहून घेताना पान नाही, धड्याचं नाव आणि प्रश्नाचा क्रमांक लिहायचा. थोरल्याला हे जमतं. धाकटीला पहिला महिना जमलं नाही, मग ताईने तिच्या घरच्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत शाळेच्या पुस्तकाचे पानक्रमांक पेन्सिलने लिहून टाकले. दहा मिनिटांचं काम.

आणि हो, त्या ‘माझी नोंद’च्या पानांवर आधीच्या मुलाची उत्तरं लिहिलेली असतात. पेन्सिलची असतील तर खोडा, नाहीतर तुमच्या घरी गृहपाठ पाच मिनिटांत होईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल.

तिसरी चाळणी जिल्ह्याची, आणि ही मला अजिबात माहीत नव्हती. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यावार निघालेलं आहे. मुलाने आधी आपला जिल्हा शिकावा म्हणून पुण्याचं वेगळं, साताऱ्याचं वेगळं. दौंड आणि शिरूर दोन्ही पुणे जिल्ह्यात, त्यामुळे आतेभावाचं पुस्तक आमच्या धाकटीला फिट्ट. पण शिरूरमध्ये घोडनदीचा पूल ओलांडला की लगेच अहिल्यानगर जिल्हा लागतो. ताईच्या कंपनीतल्या, नदीपलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीनेही प्रेमाने तिसरीचा संच दिला होता. बाकी सगळं तेच, परिसर अभ्यास मात्र शेजारच्या जिल्ह्याचा! घर पाच-सात किलोमीटरवर, पण पुस्तक चालत नाही. मुखपृष्ठावर जिल्ह्याचं नाव छापलेलं असतं, तेवढं वाचायचं.

हा रूट कायम असाच चालणार का? नाही, आणि चौफुल्याच्या चहाबरोबर आम्ही हेही बोललो. 2025-26 मध्ये पहिलीला नव्या अभ्यासक्रमाचं पुस्तक आलं. एप्रिल 2025 मध्ये जाहीर झालेल्या टप्प्यांत 2026-27 साठी दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी होती, 2027-28 साठी पाचवी, सातवी आणि नववी. ज्या वर्षी ज्या इयत्तेचं पुस्तक बदलतं, त्या वर्षी त्या इयत्तेचा जुना संच अभ्यासाला कामाचा राहत नाही. म्हणून गोणी पुढे कोणाला देताना पुस्तकाच्या आतल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष आणि शाळेने दिलेलं नवं पुस्तक समोरासमोर ठेवा. पहिल्या तीन धड्यांची नावं जुळली तर ठेवा, नाही जुळली तर रद्दी. भावनेत अडकू नका.

काटा काय म्हणतो

घरी आल्यावर माझा एक ऑफिसछाप आगाऊपणा. प्रवासाला बॅग मोजायचा हुकवाला काटा माझ्याकडे असतो. म्हटलं, दप्तर लटकवूया. महाराष्ट्रात जुलै 2015 च्या शासन निर्णयानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात इयत्तेवार आकडे आहेत. तिसरी ते पाचवी साधारण 1.7 ते 2.5 किलो, सहावी-सातवी 2 ते 3 किलो.

धाकटीचं वजन 21 किलो. म्हणजे मर्यादा 2.1. मे महिन्यात बाबांनी हौसेने आणलेलं चाकाच्या डिझाइनचं जाडजूड नवं दप्तर भरून लटकवलं. 3.4 किलो!

मग एकेक वस्तू काढत मोजली. रिकामं दप्तरच 900 ग्रॅम. लिटरची भरलेली स्टीलची बाटली 1.2 किलो. डबा 400 ग्रॅम. पुस्तकं-वह्या 900 ग्रॅम. म्हणजे ज्या अभ्यासाला आपण शिव्या घालतो, त्याचा वाटा जेमतेम पाव. बाकी सगळी आपली खरेदी.

बाटली अर्ध्या लिटरची केली, 600 ग्रॅम गेले. शाळेत पाणी भरायची सोय आहे, ताईने आधी जाऊन पाहिलं होतं. थोरल्याचं जुनं, साधं दप्तर 500 ग्रॅमचं निघालं, आणखी 400 कमी. पुस्तकं शाळेत ठेवल्यावर 300. काटा 2.1 वर आला. बरोब्बर.

हिशेब जमला, पण धाकटीचा चेहरा पडला. जुनं दप्तर. दादाचं दप्तर. पुस्तकं दौंडच्या दादाची, कंपास दादाचा, रेनकोट दादाचा. ती काहीच बोलली नाही, फक्त नव्या दप्तराच्या चेनशी खेळत बसली. आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिलो. लहानपणी ताईचे फ्रॉक मीच घातलेत. मला त्या चेनचा आवाज कळत होता.

ताईने तिला जवळ घेऊन काट्यावर दोन्ही दप्तरं लटकवून दाखवली. मग विचारलं, ‘‘यादीतल्या कुठल्या तीन वस्तू तुला अगदी नव्या, तुझ्या तू निवडलेल्या हव्यात? दप्तर सोडून.’’ तिने बराच विचार केला. बाटली, रंगपेटी आणि वह्यांवर लावायची नावाची स्टिकरं. रंगपेटी कपाटात आधीच होती की! पण ताई तिथे मोजदाद करत बसली नाही. ती जुनी पेटी दौंडला गेली, नवी आली. रूट दोन्ही बाजूंनी चालतो.

शेवटची झडती

छोट्या वस्तूंना आम्ही एक नियम लावला. नुसती ‘आहे’ म्हणून पुरत नाही, चालवून बघायची. कंपासपेटीतल्या कर्कटकाने कागदावर एक वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर पेन्सिल धरणारा स्क्रू ढिला आहे. घट्ट करूनही सरकत असेल तरच नवं. थोरल्याच्या दोन कंपासपेट्यांतून एक धड पेटी तयार झाली. पट्टीची शून्याची कड झिजली असेल तर माप चुकतं, ती बाद. बूट मात्र एकमेकांचे घालायला द्यायचे नाहीत. तळवा आधीच्या पायाप्रमाणे झिजलेला असतो. दोघांचे नवे घेतले, संध्याकाळी, मोजा घालून.

किमतीबद्दल एकच. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनरवर जीएसटी नाही, आणि कंपासपेटीवरचा 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. दुकानात त्याआधी छापलेल्या किमतीचा जुना माल दिसला, तर बिलात काय लावलंय ते एकदा बघून घ्या. जुना साठा फक्त आपल्याच कपाटात नसतो!

कापून ठेवा

तिसरी. जुन्यातलं चाललं: चौरेघी वही 1, चौकटी वही 1, चित्रकला वही, दप्तर, रेनकोट, दौंडची पुस्तकं घरच्या संचाला. घेतलं: एकरेघी मराठी 2, चौरेघी 1, चौकटी 1, परिसर अभ्यास 1, अर्ध्या लिटरची बाटली, रंगपेटी, स्टिकरं, बूट.

सातवी. जुन्यातलं चाललं: कोऱ्या वह्या 2, शिवलेली सरावाची वही 1, दोनांतून जुळवलेली कंपासपेटी, दप्तर, सेमीची दोन सोडून दौंडची पुस्तकं. घेतलं: वह्या 8, पट्टी, बूट.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी मी फोन केला. धाकटीने घेतला. म्हटलं, ‘‘काय गं, दप्तर कसंय?’’

‘‘हलकंय,’’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘मावशी, बाटलीवर माझं नाव आहे.’’